लक्ष्मीपूजन रविवारी आलं, मग सोमवार कोणाचा?

*आमची कापडाची फर्म आहे. गांधीबागेत होलसेल, तिथे आम्ही 14 जण, रविवारी बंद. बर्डीवर शोरूम, तिथे 12 जण. ते सातही दिवस सुरू असतं आणि पोरांच्या सुट्ट्या आळीपाळीने. यंदा 8 नोव्हेंबरचं लक्ष्मीपूजन रविवारी येतंय. शेठजी म्हणतात, सुट्टी रविवारात गेली, सोमवारी कामावर या. 2023 मध्ये असंच झालं होतं तेव्हा त्यांनी सोमवार दिला होता. माझा साळा बुटीबोरीला कंपनीत आहे, त्याला सोमवार मिळतोय. बहीण केंद्र सरकारच्या ऑफिसात आहे, तिला नाही. व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरतोय की रविवारी सण आला तर दुसऱ्या दिवशी सुट्टी द्यावीच लागते. शोरूममधल्या दोघांचा दसरा तर वीकली ऑफमध्ये घालून टाकला. खरा नियम काय, आणि मागायचं कसं?*
*– एक वाचक, गांधीबाग, नागपूर*

भाऊ,

आधी त्या मेसेजचा निकाल लावू. तो चुकीचा आहे. सण रविवारी किंवा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आला तर बदली दिवस द्यावाच लागतो, असा सगळ्यांना लागू होणारा कायदा आपल्याकडे नाही. जपानमध्ये राष्ट्रीय सुट्टी रविवारी आली तर पुढचा दिवस देण्याचा नियम 1973 पासून आहे, ब्रिटनमध्येही सोमवारी बदली दिवस देतात. तिकडची गोष्ट कोणीतरी मराठीत आणून इथल्या कायद्याच्या नावावर खपवलेली दिसते.

तुमच्या बहिणीचं बरोबर आहे आणि तिच्याबाबतीत तर नियम स्पष्ट लिहिलेला आहे. केंद्राचा कार्मिक व प्रशिक्षण विभाग दरवर्षी सुट्ट्यांचं परिपत्रक काढतो. सण साप्ताहिक सुट्टीच्या किंवा कामकाज नसलेल्या दिवशी आला, किंवा दोन सण एकाच दिवशी आले, तर बदली सुट्टी द्यायची नाही, असं त्यात म्हटलेलं असतं. 2025 मध्ये 2 ऑक्टोबरला गांधी जयंती आणि दसरा एकत्र आले होते. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी होती, सरकारी कर्मचाऱ्याच्या खात्यात मात्र दोन सणांची मिळून एकच सुट्टी पडली.

साळ्याचंही बरोबर आहे, पण त्याचा सोमवार कायद्यातून आलेला नसणार. महाराष्ट्रातल्या कारखान्यांत सणांच्या सुट्ट्या बहुतेक युनियन आणि व्यवस्थापन यांच्यातल्या करारातून ठरतात. 'सण साप्ताहिक सुट्टीला आल्यास पुढचा कामाचा दिवस सुट्टी' हे वाक्य त्यांच्या करारात कोणीतरी घालून घेतलेलं असेल. तुमच्याकडे ते वाक्य नाही, एवढाच काय तो फरक.

राज्य सरकारच्या सुट्ट्यांची यादी पेपरात येते, तिच्याबद्दलही मोठा गैरसमज आहे. सामान्य प्रशासन विभागाची ती अधिसूचना परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 च्या कलम 25 खाली निघते. हुंडी किंवा वचनचिठ्ठीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी संपत असेल तर ती आदल्या कामकाजाच्या दिवशी देय धरायची, हे सांगणारं ते कलम आहे. म्हणजे ही यादी मूळची बँकांच्या आणि व्यवहाराच्या कामाची. सरकारी कार्यालयं तिच्यावर चालतात, पण खासगी फर्मच्या नोकराला ती आपोआप एकही सुट्टी देत नाही. आपल्याकडे मारबतीची सुट्टी जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी म्हणून देतात, तिचंही तसंच. शेठजींपुढे 'सरकारी यादीत आहे' म्हणून बोलायला गेलात तर पहिल्याच वाक्याला अडकाल.

तुम्हाला लागणारा कायदा वेगळा आहे: महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017. तो 19 डिसेंबर 2017 पासून लागू झाला. कामगारसंख्या कमी असलेल्या छोट्या दुकानांना त्यातली बरीच कलमं लागत नाहीत, पण तुम्ही दोन्ही ठिकाणचे मिळून 26 जण आहात, तेव्हा बहुधा ती अडचण नाही. त्यातली दोनच कलमं नीट समजून घ्या.

पहिलं कलम 18. त्यात कामगाराला वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. चार कायद्यानेच ठरवल्यात: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. दुसरं कलम 16. दुकान सातही दिवस उघडं ठेवता येतं, पण प्रत्येकाला आठवड्यातून सलग 24 तासांची सुट्टी मिळाली पाहिजे. ती नाकारली तर तिच्या बदल्यात त्या दिवसापासून दोन महिन्यांच्या आत भरपाई सुट्टी द्यावी लागते.

गल्लत नेमकी इथे होते. साप्ताहिक सुट्टीला कामावर बोलावलं तर मिळते ती भरपाई सुट्टी, आपण जिला कॉम्प ऑफ म्हणतो ती. तो हक्क कायद्यात लिहिलेला आहे. सण साप्ताहिक सुट्टीवर येऊन पडला तर मिळू शकते ती बदली सुट्टी, आणि तिच्याबद्दल कायदा गप्प आहे. पहिल्यात तुम्ही काम केलेलं असतं, दुसऱ्यात तुम्ही घरीच असता, फक्त दोन सुट्ट्यांची एक झालेली असते. अर्जात दोन्हीला 'कॉम्प ऑफ' लिहिलं की शेठजींचा मुनीम विचारणार, 'रविवारी काम केलं का? नाही? मग कॉम्प ऑफ कशाचा?' तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या अर्जात 'बदली सुट्टी' असंच लिहा.

कायदा गप्प आहे म्हणून तुमच्याकडे मुद्दाच नाही असं नाही. आठवड्याची सुट्टी एका कलमात, सणाच्या आठ दुसऱ्या कलमात, म्हणजे हे दोन वेगवेगळे हक्क झाले. दोन्ही एकाच दिवशी आले तर हातात आठ नाही, सातच पडतात, असं म्हणता येतं. बोलणी करताना हा मुद्दा जरूर मांडा. पण केवळ याच्या भरवशावर भांडायला उभे राहू नका, कारण बदली दिवसाचं स्पष्ट वाक्य कलमात नाही आणि समोरचा वकील तेच बोट दाखवील.

आता हिशेब कागदावर मांडून बघा. तुमच्या फर्मची यादी माझ्यासमोर नाही, म्हणून 2026 साठी एक साधारण यादी धरतो. कायद्याच्या चार: 26 जानेवारी सोमवार, 1 मे शुक्रवार, 15 ऑगस्ट शनिवार, 2 ऑक्टोबर शुक्रवार. ठरवलेल्या चार: 14 एप्रिलची आंबेडकर जयंती मंगळवार, 14 सप्टेंबरची गणेश चतुर्थी सोमवार, 20 ऑक्टोबरचा दसरा मंगळवार आणि 8 नोव्हेंबरचं लक्ष्मीपूजन रविवार.

गांधीबागेतल्या रविवारवाल्यांची वर्षात एकच सुट्टी गेली. बर्डीवर ज्याची साप्ताहिक सुट्टी सोमवारी, त्याच्या दोन गेल्या. मंगळवारवाल्याच्या दोन, शुक्रवारवाल्याच्याही दोन, शनिवारवाल्याची एक. बुधवार आणि गुरुवारवाल्यांची एकही नाही. म्हणजे एकाच छताखाली, एकाच पगारावर, कोणी वर्षाला आठ सण घेतोय तर कोणी सहा. रविवारी सण आला की आरडाओरडा होतो, कारण तो सगळ्यांना दिसतो. शुक्रवारच्या 1 मेला ज्याचा ऑफ होता त्याचं नुकसान कोणाच्या लक्षातही येत नाही. यंदा 1 मेला महाराष्ट्र दिन आणि बुद्ध पौर्णिमा एकत्र आले, तेव्हा त्या पोराच्या तीन सुट्ट्यांची एक झाली म्हणायची, फक्त बुद्ध पौर्णिमा बहुतेक फर्मांच्या आठात नसते.

12 जणांच्या सुट्ट्या सोमवार ते शनिवार अशा दोन-दोन करून लावलेल्या आहेत असं धरलं, तर शोरूमचे वर्षात 14 दिवस जातात. सोमवार, मंगळवार, शुक्रवारवाले प्रत्येकी दोघे, प्रत्येकाचे दोन, ते झाले 12. शनिवारवाल्या दोघांचा एकेक. होलसेलचे 14 जण, प्रत्येकी एक, ते 14. एकूण 28. सगळ्यांच्या मिळून 208 सुट्ट्यांपैकी 28. हा आकडा जवळ ठेवा. शेठजींना 'सुट्ट्या द्या' म्हटलं की डोळ्यासमोर दुकान बंद झालेलं दिसतं. 28 दिवस, तेही 26 जणांत आणि वर्षभरात विभागलेले, असं सांगितलं की बोलणं पुढे सरकतं.

आता 8 नोव्हेंबर. शेठजींकडे जाण्याआधी यंदाची यादी मागून घ्या आणि त्यात दिवाळीपुढे काय लिहिलंय ते शब्दशः वाचा. 'लक्ष्मीपूजन, 8 नोव्हेंबर' असं तारखेसह असेल तर सुट्टी रविवारात गेली, आणि पुढचं सगळं विनंतीवर. पण बऱ्याच फर्मांच्या यादीत तारीख नसतेच, नुसतं 'दिवाळी, 1 दिवस' असतं. तसं असेल तर तुमची बाजू चांगली आहे. दिवाळी काही एका दिवसाची नाही, आणि रविवारी फर्म एरवीही बंदच असते, तेव्हा दिवाळीचा तो एक दिवस कामाच्या दिवशी धरावा असं म्हणायला पूर्ण जागा आहे. यादीच काढली नसेल, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून कारभार चालत असेल, तर चार सुट्ट्या वर्षाआधी ठरवायची अट फर्मनेच पाळलेली नाही. ते भांडणाच्या सुरात बोलू नका. 'आपली यादी झालीच नव्हती, तर दिवाळीचा दिवस आता ठरवून घेऊ' एवढंच म्हणा.

दिवस कोणता मागायचा? पाडवा मागू नका. पाडव्याला वहीपूजन, मुहूर्ताचा सौदा. गांधीबाग-इतवारीतला व्यापारी त्या दिवशी माणसं सोडणार नाही. यंदा लक्ष्मीपूजन रविवारी 8 ला आणि पाडवा मंगळवारी 10 ला, मधला सोमवार 9 तारखेचा भाकड आहे. 2023 मध्येही हुबेहूब असंच होतं: लक्ष्मीपूजन रविवारी 12 नोव्हेंबरला, पाडवा मंगळवारी 14 ला, मधे रिकामा सोमवार. तेव्हा शेठजींनी सोमवार सहज दिला त्याचं कारणही हेच असावं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी होलसेलला गिऱ्हाईक नसतं, दुकान उघडून बसण्यात काही निघत नाही. म्हणून सोमवार मागताना नियमाचा हवाला देण्यापेक्षा गेल्या वेळच्या सोमवारची विक्री काढून दाखवा. दुकान बंद होतं म्हणून ती शून्य असेल, तर एरवीच्या एखाद्या वर्षीची लक्ष्मीपूजनानंतरच्या दिवसाची काढा. हिशेबाच्या वह्या तुमच्याच हाताखालून जात असतील तर अर्ध्या तासाचं काम.

2023 चा सोमवार हा 'प्रथा आहे' म्हणून पुढे करता येईल का? एका वेळेच्या मेहेरबानीला प्रथा म्हणत नाहीत. पण आणखी तारखा तपासा. 15 ऑगस्ट 2021, 1 मे 2022, 2 ऑक्टोबर 2022, 14 एप्रिल 2024 आणि 26 जानेवारी 2025, हे सगळे रविवार होते. जुनं मस्टर काढून या प्रत्येकाच्या दुसऱ्या दिवशीची ओळ बघा. सोमवारी सगळ्यांपुढे सुट्टीची खूण असेल, तीही पाचपैकी चार-पाच वेळा, तर ती खरोखरच प्रथा झाली. चालत आलेली सवलत मालकाला एका दिवसात बंद करता येत नाही. आधी औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम 9अ मध्ये होतं आणि आता औद्योगिक संबंध संहितेच्या कलम 40 मध्ये आहे: सुट्ट्यांमध्ये किंवा रूढ सवलतीत बदल करायचा तर कामगारांना नोटीस द्यायची, आणि नोटीस दिल्यापासून 21 दिवसांच्या आत तो बदल अमलात आणायचा नाही. पाचही सोमवारी मस्टरवर हजेरी भरलेली असेल तर हा मुद्दा तोंडातून काढूच नका, नाहीतर तुमच्याविरुद्धच पुरावा तयार होईल.

शोरूमचं प्रकरण मात्र वेगळं आहे, आणि तिथे तुमची बाजू होलसेलपेक्षा भक्कम आहे. तुम्ही थोडक्यात लिहिलंय, पण अशा ठिकाणी साधारण हे घडतं. एखाद्याचा वीकली ऑफ गुरुवारचा. 15 ऑक्टोबरला गुरुवारी तो घरी होता. पुढच्या आठवड्यात त्याला दोन सुट्ट्या मिळायला हव्या होत्या: मंगळवारी 20 ला दसरा आणि गुरुवारी 22 ला ऑफ. रोस्टर लावणाऱ्याने त्या आठवड्यापुरता त्याचा ऑफ गुरुवारचा उचलून मंगळवारी ठेवला. आता 20 तारखेला तो घरी, रजिस्टरमध्ये 'वीकली ऑफ', दसरा त्यातच. 22 ला तो कामावर, आणि पुढचा ऑफ थेट गुरुवारी 29 ला.

हे ओळखायची सोपी खूण म्हणजे सलग कामाचे दिवस मोजणं. 21 पासून 28 पर्यंत त्याने सलग आठ दिवस काम केलं. ज्याचा ऑफ ठरलेला आहे तो दोन ऑफच्या मधे सहाच दिवस काम करतो. सणाच्या आसपास सात किंवा आठ दिवसांची रांग दिसली की समजायचं, ऑफ हलवलाय आणि सण गिळलाय. पण आणखी एक शक्यता तपासा: त्या दोघांचा ऑफ मुळातच मंगळवारचा असेल तर कोणी काही हलवलेलं नाही. मग ते नुसते दुर्दैवी, आणि त्यांचा प्रश्न तुमच्या रविवारसारखाच, विनंतीचा. म्हणून आधी सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या रोस्टरचे फोटो जमवा. बहुतेक ठिकाणी रोस्टर ग्रुपवर टाकतात, जुना मेसेज शोधला की सापडतो. नंतर 'दुरुस्त' केलेलं रोस्टर ऑफिसात मिळेल, ग्रुपवरचं मूळचं कोणाला बदलता येत नाही.

ऑफ हलवल्याचं दिसलं तर अर्ज असा करायचा. दसरा ही यादीतली भरपगारी सुट्टी होती, ती 20 तारखेला आधीच ठरलेली होती. मग त्याच दिवशी साप्ताहिक सुट्टीची खूण करता येत नाही. म्हणजे त्या आठवड्याची खरी साप्ताहिक सुट्टी 22 ची, आणि त्या दिवशी कामावर घेतलं, म्हणून ती नाकारली गेली. कलम 16 प्रमाणे तिची भरपाई सुट्टी दोन महिन्यांत, म्हणजे 22 डिसेंबरच्या आत द्यावी. इथे मात्र 'भरपाई सुट्टी' हाच शब्द हवा. अर्ज दोन प्रतींत द्या, एका प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच मजकूर मॅनेजरच्या व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा, तारीख आपोआप राहते. दिवस तुम्हीच सुचवा, एक नाही दोन, आणि लग्नसराईतला शनिवार-रविवार सुचवू नका. नोव्हेंबर-डिसेंबर हा कापडाच्या शोरूमचा गर्दीचा काळ, 'नंतर बघू' म्हणता म्हणता 22 डिसेंबर निघून जातो. दिला नाही तर तक्रार नागपूरच्या अपर कामगार आयुक्त कार्यालयात करता येते, आणि तिथे रोस्टरचे ते दोन फोटो आणि पोच एवढंच कामाला येईल.

कारखान्यात ऑफ हलवायचे नियम याहून घट्ट आहेत, साळ्याला विचाराल म्हणून सांगतो. 1948 च्या कारखाने अधिनियमात ऑफ हलवायचा तर आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत, सूचना लावून, आणि सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम होणार नाही अशा बेताने हलवायचा, असं होतं. बुडालेल्या ऑफची भरपाई त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यायची. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतही भरपाईची ही दोन महिन्यांची मुदत तशीच ठेवली आहे.

पगाराचं म्हणाल तर, मासिक पगारावर असलेल्याला रविवारच्या सणाने रुपयाचाही फटका बसत नाही, जातो तो विश्रांतीचा दिवस. रोजंदारीवर कोणी असेल, पॅकिंगला किंवा गोदामावर, तर त्याचं गणित निराळं. सण कामाच्या दिवशी आला असता तर त्याला घरी बसून रोज मिळाला असता. तो रविवारी आला आणि रविवारचा रोज मिळत नसेल, तर दिवसही गेला आणि रोजही. म्हणून बदली सुट्टीचं काहीही ठरवताना 'भरपगारी' हा शब्द वगळू देऊ नका. तो नसेल तर रोजंदारीवाल्याला सोमवारी घरी बसवतील आणि रोज कापतील, म्हणजे सुट्टी मागून त्याचंच नुकसान.

आता खरं काम डिसेंबरमधलं. 2027 ची यादी वर्षाआधी ठरवायची आहे, तेव्हा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बसायला सांगा. पंचांग समोर ठेवून, ठरवायच्या चार सुट्ट्यांमध्ये रविवारचा सण टाळता येतो, ही एक पळवाट. पण तिने फक्त गांधीबागेचं भलं होतं. सण सोमवारी ढकलला की बर्डीवरचा सोमवारवाला अडकतो. शिवाय कायद्याच्या चार तारखा तुम्हाला हलवता येत नाहीत, आणि 15 ऑगस्ट 2027 रविवारीच आहे. 1 मे आणि 2 ऑक्टोबर दोन्ही शनिवारी, म्हणजे शनिवारी ऑफ असलेल्याच्या दोन तिथेच गेल्या. तेव्हा तारखा निवडत बसण्यापेक्षा यादीच्या खाली एक परिच्छेद घालून घ्या. मजकूर साधारण असा:

'वरील आठपैकी कोणतीही सुट्टी एखाद्या कामगाराच्या ठरलेल्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आल्यास, किंवा दोन सुट्ट्या एकाच दिवशी आल्यास, त्या कामगाराला एक भरपगारी बदली सुट्टी मिळेल. ती त्या दिवसापासून 60 दिवसांच्या आत, दोघांच्या सोयीने घ्यायची. 60 दिवसांत कामाच्या गरजेमुळे देता आली नाही तर फर्म पुढील 15 दिवसांत दिवस ठरवून देईल. सणाच्या आठवड्यात साप्ताहिक सुट्टीचा दिवस बदलला जाणार नाही.'

यातले काही शब्द मुद्दाम घातलेत. 'पुढच्या कामाच्या दिवशी' असं लिहिलं नाही, कारण ते होलसेलला चालतं, पण शोरूममध्ये सोमवारवाल्याचा सण मंगळवारी आणि शनिवारवाल्याचा रविवारी सरकतो, आणि रविवारी शोरूमला सगळी माणसं हवी असतात. शेठजी त्याला कधी हो म्हणणार नाहीत. 60 दिवसांची मोकळीक दिली की त्यांना गर्दीचे दिवस टाळता येतात. 'ठरलेल्या साप्ताहिक सुट्टीच्या' यातला 'ठरलेल्या' शब्द आणि शेवटचं वाक्य एकमेकांसाठी आहेत. ऑफ हलवायची मोकळीक राहिली तर पहिल्या वाक्याला अर्थ उरत नाही. आणि 15 दिवसांचं वाक्य नसेल तर 60 दिवस संपले की 'लॅप्स झाली' असं उत्तर येतं. बदली सुट्टी बुडण्याची सगळ्यात नेहमीची जागा हीच.

शेठजींना साठ दिवस जास्त वाटले तर तीसवर या, हरकत नाही. पैशाच्या रूपात देतो म्हणाले तर दिवसाचा भाव आधी ठरवून घ्या. मासिक पगाराला 26 ने भागायची पद्धत आहे. 18,200 पगार असेल तर दिवसाचे 700. काही ठिकाणी 30 ने भागून 607 हातावर ठेवतात, ते मान्य करू नका.

मस्टरमध्ये बदली सुट्टीसाठी वेगळी खूण ठेवायला सांगा. 'ब.सु.' आणि त्याखाली मूळ सणाची तारीख, म्हणजे 9 नोव्हेंबरच्या चौकोनात 'ब.सु. 8/11'. नुसतं 'सुट्टी' किंवा 'रजा' लिहिलं तर मार्चमध्ये हिशेब लावताना तोच दिवस किरकोळ रजेत धरला जातो आणि तुमच्या आठ किरकोळ रजांच्या सात होतात. यंदाचा सोमवार मिळाला तर पहिली 'ब.सु.' त्याच चौकोनात पडू द्या. 2023 चा सोमवार मस्टरवर कशा नावाने आहे, तेही त्याच वेळी बघून घ्या.